धागा : 'सांगितले', 'दावा केला', 'आरोप केला', 'कबूल केले' – प्रोसिडिंगमध्ये नेमकं काय लिहावं?

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या एका विकास सोसायटीत गटसचिव म्हणून काम करतो. सोसायटीचं नाव लिहीत नाही, पण झालं ते सगळं लिहितो, कारण चूक माझ्या हातून झालीय आणि ती मला निस्तरायचीय.

गेल्या महिन्यात खताच्या गोदामाची तपासणी झाली. पॉस मशीनवर यूरियाची शिल्लक ३१२ गोण्या होती. प्रत्यक्ष मोजल्या तर २९८ भरल्या, म्हणजे १४ कमी. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे हिशेब ३,७३१ रुपयांचा. रक्कम फार मोठी नाही, पण गोदाम सांभाळणारे आबा अठरा वर्षांपासून तिथे आहेत आणि आजवर त्यांच्या नावावर एक पैसा निघालेला नाही.

सभेत चेअरमननी आबांना विचारलं. आबा अहिराणीत बोलले. मला जसंच्या तसं आठवतं : "मन्ही नोंदमा चूक व्हयनी व्हई." त्याआधी त्यांनी सांगितलं होतं की पेरणीच्या घाईत एक दिवस संध्याकाळी मशीन चालत नव्हतं, ओळखीच्या शेतकऱ्यांना गोण्या दिल्या आणि अंगठे दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरलं. एका संचालकाने मध्येच म्हटलं की गोण्या परस्पर विकल्या गेल्या. आबांनी 'नाही' म्हटलं. त्यावर बराच आवाज झाला.

मी रात्री प्रोसिडिंग बुकात लिहिलं : "गोदामपालाने १४ गोण्यांची तूट कबूल केली व आपली चूक मान्य केली." आम्ही नेहमी असंच लिहितो. आता तपासणीच्या अहवालात शेरा आलाय की कर्मचाऱ्याने तूट कबूल केलेली असल्याने रक्कम वसूलपात्र आहे. काल आबा घरी आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी अशे म्हंतलं व्हतं का?"

मला झोप नाही. 'कबूल केली'ऐवजी काय लिहायला हवं होतं? आणि असे शब्द वापरताना आपण बोलणाऱ्याबद्दल नेमकं काय सांगून टाकतो?

---

तालुका_वार्ताहर | सोमवार, रात्री १०:१५

भाऊ, पंधरा वर्षं बातम्या लिहितोय, सोपं सांगतो. शंका असेल तिथे 'दावा केला' लिहा. आरोप असेल तर मागे 'कथित' लावा. एवढं केलं की आपल्यावर काही येत नाही. आबांच्या बाबतीत "यंत्र बंद असल्याचा दावा गोदामपालाने केला" असं लिहिलं असतं तर वाद मिटला असता.

---

जुना_शिरस्ता | सोमवार, रात्री ११:०२

वार्ताहर, रागावू नका, पण तुमच्या दोन्ही सूचनांनी आबा आणखी अडचणीत येतील.

मी धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. साक्षीदार अहिराणीत, पावरीत, उर्दूत बोलायचे, आणि ते मराठीत कागदावर कसं उतरतं हे रोज पाहिलं. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी 'दावा केला' घेऊ. तुम्ही म्हणता की तो सुरक्षित आहे. लिहिणाऱ्यासाठी असेल, बोलणाऱ्यासाठी नाही. "आबांनी सांगितले की मशीन बंद होते" हे वाचणारा आबांचं ऐकतो. "मशीन बंद असल्याचा दावा आबांनी केला" हे वाचणारा लगेच मनात म्हणतो, बरं, आणि खरं काय होतं? 'दावा' म्हटलं की समोर पुरावा मागणारा कोणीतरी उभा राहतो. तो कोणी उभा केला? लिहिणाऱ्याने. आबांनी तर साधं सांगितलं होतं.

तुमच्या बातम्यांमध्येच पाहा. "पोलिसांनी सांगितले की तरुण पळून जाताना पडला. कुटुंबीयांनी मात्र त्याला मारहाण झाल्याचा दावा केला." दोघांनीही बोलूनच दाखवलं, पुरावा दोघांनीही दिलेला नाही. पण एकाच्या तोंडी 'सांगितले' आणि दुसऱ्याच्या तोंडी 'दावा' घातला की निकाल लागलाच. दोघांना एकच क्रियापद द्या, मग वाक्य पुन्हा वाचून पाहा.

'कथित'बद्दल उद्या लिहितो. आबांच्या वाक्याचंही उद्याच, ते नीट लिहायला हवं.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, सकाळी ६:५०

राम राम. दाव्याचा विषय निघालाय म्हणून विचारतो. माझा केळीचा विमा दावा वर्षभरापासून अडकलाय. वादळी वारा आणि गारपिटीत दोन एकर बाग आडवी झाली. ७२ तासांच्या आत कळवायचं असतं, मी दुसऱ्याच दिवशी टोल फ्री नंबरवर फोन करून कळवलं, तक्रार क्रमांकही मिळाला. आता पत्र आलंय की रक्कम देता येत नाही. दावा मंजूर होण्यासाठी पुढे कुणाकडे जायचं?

---

सातपुडा_ताई | मंगळवार, सकाळी ८:२०

रावेरचे भाऊ, इथे विम्याच्या दाव्याबद्दल नाही, 'दावा केला' या शब्दाबद्दल चाललंय. पण तुमच्या पत्रातली ओळ इथे टाका, कदाचित तिथेही हाच गुंता असेल.

पांझराकाठ, मी नंदुरबारकडे नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. प्रत्यक्ष बोलणं अप्रत्यक्ष करायचं तेव्हा पोरांना आम्ही 'सेड'च्या जागी वेगळं क्रियापद घालायला लावतो. रोज त्यांना सांगते की 'स्टेट' म्हणजे नुसतं मांडणं, त्यात बोलणारा खरा की खोटा याबद्दल लिहिणारा काही म्हणत नाही. 'क्लेम' म्हटलं की लिहिणारा हात झटकतो, हे त्याचं म्हणणं, माझं नाही. 'ॲसर्ट' म्हणजे जोर देऊन, बहुतेक वेळा समोर कोणी तरी नाकारत असताना. 'ॲलेज' म्हणजे कुणीतरी काही वाईट केलं असं म्हणणं, तेही अजून सिद्ध नसताना. आणि 'ॲडमिट'मध्ये दोन गोष्टी एकदम येतात : सांगितलं ते बोलणाऱ्याला गैरसोयीचं आहे, आणि लिहिणाऱ्याच्या मते ते खरं आहे.

म्हणून पोरांना एक वाक्य देते : "त्याने फळा तोडल्याचं कबूल केलं, पण फळा त्याने तोडलाच नव्हता." वर्ग लगेच हसतो, वाक्य बसत नाही म्हणतो. "त्याने फळा न तोडल्याचा दावा केला, पण तोडला त्यानेच होता" यावर कोणी हसत नाही. दहावीच्या मुलांना हे कानाने कळतं.

म्हणजे तुम्ही 'कबूल केली' लिहिलं तेव्हा आबा काय म्हणाले एवढंच नाही, ते खरं आहे हेही तुमच्या सहीनं गेलं.

---

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

ताई, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. पण बरोबर आहे.

---

खान्देशी_बोली | मंगळवार, दुपारी १:१०

मूळ अहिराणी वाक्यात काय आहे ते आधी बघूया, सगळा घोळ तिथेच आहे. 'चूक व्हयनी' म्हणजे चूक झाली. 'चूक व्हयनी व्हई' म्हणजे चूक झाली असेल. शेवटचं 'व्हई' काढलं की माणूस वेगळंच बोलतो. गावागणिक रूपं थोडी बदलतात, पण हा फरक धुळ्यापासून चाळीसगावापर्यंत सगळ्यांना समजतो.

तुमच्या प्रोसिडिंगमध्ये ते 'व्हई' कुठे गेलं? 'चूक मान्य केली' यात शक्यता उरतच नाही. प्रमाण मराठीतही हेच होतं. "झाली असेल" असं बोललेलं "झाल्याचे मान्य केले" असं कागदावर येतं. क्रियापद बदलताना काळ आणि शक्यता दोन्ही गळून पडतात.

आणखी एक. आपल्याकडे "गोदाम उघडं व्हतं म्हने" असं म्हणतात. ते 'म्हने' एक शब्दात सांगतं की मी पाहिलं नाही, ऐकलंय. प्रमाण मराठीतल्या 'म्हणे'सारखंच. साक्षीदाराने 'म्हने' लावलं आणि लिहिणाऱ्याने "गोदाम उघडे असल्याचे त्याने सांगितले" असं लिहिलं तर ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते. मी गावोगावी जुन्या बायकांकडून ओव्या आणि गोष्टी लिहून घेतो, आणि हे 'म्हने' कधीच गाळत नाही.

---

जुना_शिरस्ता | मंगळवार, रात्री ९:३०

बोलीवाल्या भाऊंनी माझं अर्धं काम केलं. 'म्हने'बद्दल तर अगदी खरं. उलटतपासणीत वकील तिथेच पकडायचे : "तुम्ही पाहिलं की ऐकलं?"

आता 'कबूल'. मराठीत हा शब्द दोन कामं करतो, आणि कोणतं काम चाललंय हे त्याच्या आधीच्या रूपावरून कळतं. "पैसे भरण्याचे कबूल केले" म्हणजे पुढे भरीन असं वचन दिलं. "पैसे घेतल्याचे कबूल केले" म्हणजे मागे घेतले होते हे मान्य केलं. 'ण्या' की 'ल्या', एका अक्षराचा फरक आहे. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाही. तुम्ही नाम लिहिलंत : "तूट कबूल केली". पांझराकाठ, खरी अडचण इथे आहे.

आबांनी तूट कबूल केली, म्हणजे नेमकं काय? मोजल्यावर १४ गोण्या कमी भरल्या हे कबूल केलं? तसं असेल तर त्यात कबूल करण्यासारखं काय आहे, सगळ्यांच्या समोर मोजल्या. की नोंद आपल्याकडून राहिली हे कबूल केलं? की गोण्या आपल्यामुळे गेल्या हे? तीनही अर्थ त्या वाक्यात बसतात. वाचणारा त्याला हवा तो घेतो. तपासणाऱ्याने सर्वांत जड अर्थ घेतला, आणि त्याच्या जागी बसलेल्याने तो घेणं साहजिकच आहे.

म्हणून माझा नियम : 'कबूल', 'मान्य', 'आरोप', 'दावा' यांच्यापुढे नुसतं नाम ठेवायचं नाही. पूर्ण गोष्ट ठेवायची, कोणी काय केलं यासकट. "तूट कबूल केली" असं नको. "मोजणीत १४ गोण्या कमी भरल्या हे मान्य केले" असं हवं. मग त्यात आणखी काही घुसवायला जागा राहत नाही.

आता 'कथित'. वार्ताहर, बातमीमागे 'कथित' लावलं म्हणजे बदनामीच्या कायद्यातून सुटका होते असं नाही. दुसऱ्याने केलेला आरोप छापणारासुद्धा तो पसरवतच असतो. सत्य, सार्वजनिक हित, सद्भावना हे बचाव वेगळे असतात आणि ते त्या त्या प्रकरणात सिद्ध करावे लागतात. 'कथित' हा शब्द एवढंच सांगतो की लिहिणाऱ्याने अजून खात्री केलेली नाही. तेवढं काम तो चांगलं करतो.

---

तालुका_वार्ताहर | मंगळवार, रात्री १०:०५

शिरस्तेदार नाना, 'कथित'चं मान्य. इतकी वर्षं उगाच भरवसा ठेवला.

पण 'दावा'चं अजून पटत नाही. पोलीस पत्रकार परिषदेत सांगतात, "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली." मी काय लिहू? मी तिथे नव्हतो. 'दावा' नको म्हणाल तर "आरोपीने कबुली दिली" हेच छापू?

---

जुना_शिरस्ता | मंगळवार, रात्री १०:४०

हा प्रश्न चांगला आहे. "पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" हे वाक्य मी शेकडो बातम्यांत वाचलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे जुन्या साक्ष अधिनियमात होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, चोरीचा ऐवज समजा, तर तेवढाच भाग चालतो. कबुली चालावी असं असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, त्यांनी नीट समज देऊन, नोंदवावी लागते. म्हणजे कायदा ज्या कबुलीला उभं करत नाही, तिला बातमीने पहिल्या ओळीत 'कबुली' म्हटलं.

तुम्ही तिथे नव्हता, मग तुम्हाला जे ठाऊक आहे तेच लिहा : "आरोपीने कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले." इथे 'कबुली' पोलिसांच्या तोंडी गेली, तुमच्या तोंडी नाही. एक वाक्य लांब झालं एवढंच. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदलेली नसेल तर तेही त्याच बातमीत सांगा.

ताईंच्या फळ्याच्या वाक्याबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. 'खोटी कबुली' असं आपण सहज म्हणतो, आणि तशा कबुल्या खरोखर दिल्या जातात, मारहाणीत, भीतीत, दुसऱ्याला वाचवण्यासाठी. म्हणजे 'कबुली' हे नाम आलं की ती खोटी असू शकते. पण "कबूल केलं की..." असं क्रियापद आलं की वाचणारा खरंच धरतो. फरक बारीक आहे, पण बातमीत दर वेळी क्रियापदच येतं.

---

सातपुडा_ताई | बुधवार, सकाळी ७:३०

नाना, हे मी वर्गात नक्की वापरेन. 'खोटी कबुली' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

केळीबाग_रावेर | बुधवार, सकाळी ७:४५

ताई, पत्रातली ओळ : "विमाधारकाने नुकसानीची सूचना विहित मुदतीत दिल्याचा दावा केला आहे, तथापि सदर सूचना अभिलेखावर आढळून येत नाही." तक्रार क्रमांक माझ्या फोनच्या मेसेजमध्ये आहे.

---

जुना_शिरस्ता | बुधवार, सकाळी ९:१५

भाऊ, तुमच्यासाठी 'दावा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि पत्रात त्यांची गल्लत करून तुमचं नुकसान झालंय. विम्याचा दावा म्हणजे तुमचा हक्क मागणं. त्यात वावगं काही नाही, कोर्टातसुद्धा दावा 'दाखल' करतात. पण "सूचना दिल्याचा दावा केला" यात 'दावा' म्हणजे तुमचं नुसतं म्हणणं, शंकेसकट.

तुमच्याकडे क्रमांक आहे. मग ते म्हणणं उरत नाही, ती नोंद आहे. उत्तरात 'दावा' हा शब्द अजिबात घेऊ नका. असं लिहा : "मी दिनांक अमुक रोजी अमुक वाजता टोल फ्री क्रमांकावर नुकसानीची सूचना दिली. तक्रार क्रमांक अमुक. मेसेजची छायाप्रत सोबत जोडली आहे." 'माझे म्हणणे आहे की' नको, 'मी सांगू इच्छितो' नको. जे झालं ते सरळ भूतकाळात. मेसेजचा फोटो काढून ठेवा, फोन बदलला तर तो जायला नको. आणि पत्राची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही द्या, पोच घेऊन.

---

केळीबाग_रावेर | बुधवार, सकाळी ९:४०

हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी पण आधीच्या अर्जात "माझा दावा आहे की मी कळवले होते" असंच लिहिलं होतं.

---

मी_संचालक | बुधवार, दुपारी ३:२०

इतका वेळ वाचत होतो. मी स्वतः एका सोसायटीत संचालक आहे, पांझराकाठांच्या नाही. सगळे गोदामपालाच्या बाजूने बोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आपल्याकडे माणूस "चूक झाली असेल माझी" असंच म्हणतो, चूक झालेलीच असते तेव्हा. चार माणसांत कोणी "होय, मी केलं" असं म्हणत नाही. ते 'असेल' अब्रू राखायला असतं. सभेतल्या सगळ्यांना कळलं की आबांनी मान्य केलंय. गटसचिवालाही कळलं, म्हणून तर त्याने तसं लिहिलं. आता व्याकरण काढून ते फिरवायचं, हे बरोबर नाही.

---

खान्देशी_बोली | बुधवार, दुपारी ४:००

संचालक साहेब, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. 'असेल' अब्रू राखायला वापरतात, मान्य. पण तोच शब्द निर्दोष माणूसही वापरतो. समोर चेअरमन बसलेत, त्यांनी मान मिळवलाय, वयाने मोठे आहेत, आणि ते विचारताहेत. "माझी चूक नाही" असं थेट म्हणणं उद्धटपणा वाटतो. "मन्ही चूक व्हयनी व्हई" म्हणून तो वाद टाळतो. एकच वाक्य दोन माणसं दोन कारणांनी म्हणतात. त्यातलं कोणतं कारण होतं हे आबांच्या मनात आहे, तुमच्या कानात नाही.

---

मी_संचालक | बुधवार, दुपारी ४:२५

आणि प्रोसिडिंगमध्ये मनातलं कधीच येणार नाही, मग निर्णय कशावर घ्यायचा?

---

जुना_शिरस्ता | बुधवार, रात्री ९:००

संचालक साहेबांचा मुद्दा मी टाकून देणार नाही. कधी कधी 'असेल' म्हणजे 'झाली'च असतं. पण ते ठरवायचं काम इतिवृत्त लिहिणाऱ्याचं नाही. तुम्ही निर्णय जरूर घ्या, मोजणीवर, मशीनच्या नोंदीवर, त्या शेतकऱ्यांना बोलावून विचारून. नुसत्या क्रियापदावर घेऊ नका.

आणखी एक. त्या प्रोसिडिंगवर आबांची सही आहे का? बहुधा नाही, तिथे चेअरमन आणि सचिवांची असते. म्हणजे तो कागद आबांची कबुली नाही. पांझराकाठ यांनी सांगितलेली आबांची कबुली आहे. प्रकरण पुढे गेलं तर "हे कोण म्हणालं?" असं पांझराकाठ यांनाच विचारतील. आणि मान्य केल्याचा कागद असला तरी तो शेवटचा शब्द नसतो. मान्य करणारा माणूस ते तसं नव्हतं हे पुढे दाखवू शकतो.

दिवाणी कामातलं एक सांगतो, कारण तिथे उलटं चालतं. वादीने दाव्यात जे काही मांडलं त्याला इंग्रजीत 'ॲलेगेशन' म्हणतात, अगदी "वादीचे घर गावात आहे" यालाही. तिथे 'ॲलेज' म्हणजे वाईट केल्याचा आरोप नाही, नुसतं मांडणं. मराठीत त्याला 'आरोप' म्हटलं तर चूक होईल, म्हणून आम्ही 'कथन' म्हणायचो. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ५ प्रमाणे वादीचं कथन प्रतिवादीने स्पष्ट नाकारलं नाही तर ते मान्य केलं असं धरतात. म्हणून प्रत्येक कैफियतीत ती ओळ असते : "वादीचे सदरचे कथन खरे नाही व ते प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." आबांना ही ओळ ठाऊक नव्हती. ते कोर्टात नव्हते, सभेत होते. पण त्यांचं 'नाही' तुम्ही लिहिलंच नाही, पांझराकाठ. परस्पर विक्रीच्या आरोपावर ते 'नाही' म्हणाले होते ना?

---

पांझराकाठ | बुधवार, रात्री ९:२०

हो. 'नाही' म्हणाले होते. आणि तो आरोपही मी लिहिला नाही. मला वाटलं भांडण कशाला लिहायचं.

---

जुना_शिरस्ता | बुधवार, रात्री ९:५०

मग आरोप गाळून नुसती 'कबुली' ठेवली, आणि वाचणाऱ्याला वाटतं आबांनी सगळंच मान्य केलं.

---

पांझराकाठ | गुरुवार, रात्री १०:३०

मंडळी, आज असा मसुदा केला. बुकात खाडाखोड करणार नाही, ती करायची नसतेच. पुढच्या सभेत विषय क्रमांक १ "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हाच असतो. तेव्हा दुरुस्तीचा ठराव मांडेन.

"तपासणीत पॉस मशीनवरील शिल्लक ३१२ गोण्या व प्रत्यक्ष शिल्लक २९८ गोण्या आढळली. मोजणीत १४ गोण्या कमी भरल्या हे गोदामपाल यांनी मान्य केले. एका दिवशी सायंकाळी मशीन चालत नसल्याने काही शेतकऱ्यांना अंगठा न घेता गोण्या दिल्याचे त्यांनी सांगितले. 'मन्ही नोंदमा चूक व्हयनी व्हई' (माझ्या नोंदीत चूक झाली असेल) असे ते म्हणाले. एका संचालकांनी गोण्या परस्पर विकल्या गेल्याचा आरोप केला. गोदामपाल यांनी तो नाकारला. आरोपाच्या पुष्ट्यर्थ पुरावा सादर झाला नाही."

चूक असेल तिथे सांगा.

---

सातपुडा_ताई | गुरुवार, रात्री १०:५०

फार छान. 'नाकारला' बरोबर आहे. 'खोडून काढला' लिहू नका, कारण खोडून काढणं म्हणजे आरोप खोटा ठरवून दाखवणं. नाकारणं म्हणजे फक्त 'नाही' म्हणणं. बऱ्याच जणांना हा फरक लक्षात येत नाही, शिक्षकांनासुद्धा.

---

तालुका_वार्ताहर | गुरुवार, रात्री ११:१०

'सांगितले', 'मान्य केले', 'म्हणाले', 'आरोप केला', 'नाकारला'. पाचही वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी का आहे ते आता कळतं. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र शंका आहे. "पुरावा सादर झाला नाही" हे कोणी म्हटलं का सभेत? नसेल तर ते तुमचं मत झालं.

---

पांझराकाठ | गुरुवार, रात्री ११:२०

कोणी म्हटलं नाही. पण झालाही नाही.

---

जुना_शिरस्ता | शुक्रवार, सकाळी ६:४०

वार्ताहरांनी नेमकं बोट ठेवलंय. मी रात्रभर विचार केला. पुरावा मागितला गेला आणि दिला गेला नाही, तर "पुरावा सादर झाला नाही" ही घटना आहे, लिहावी. कोणी मागितलाच नसेल, तर ते वाक्य आबांच्या बाजूने झुकतं. खरं असूनही झुकतं. मी असतो तर गाळलं असतं. पण दुसरे कोणी असं म्हणतील की आरोप नोंदवून त्याचा आधार न नोंदवणं हेही एका बाजूला झुकणंच. मला पक्कं सांगता येत नाही.

---

मी_संचालक | शुक्रवार, सकाळी ८:००

आरोप करणाऱ्या संचालकांचं नाव लिहा. निनावी आरोप कशाला ठेवता? आरोप करणाऱ्यानेही जबाबदारी घ्यावी. 'एका संचालकांनी' लिहिलंत तर पुन्हा तोच घोळ, कोण म्हणालं कुणालाच माहीत नाही.

---

खान्देशी_बोली | शुक्रवार, सकाळी ८:३०

यावर मी पहिल्यांदा संचालक साहेबांशी पूर्ण सहमत. आणि अहिराणी वाक्य अवतरणातच ठेवा, कोणी प्रमाण मराठीत 'सुधारायला' सांगितलं तरी.

---

पांझराकाठ | शुक्रवार, रात्री ९:१५

नाव लिहीन. शेवटचं वाक्य अजून ठरलं नाही, बुधवारच्या सभेपर्यंत वेळ आहे.

आज संध्याकाळी मसुदा घेऊन आबांकडे गेलो. वाचून दाखवला. 'मान्य केले' वर ते थांबले, म्हणाले की मोजून कमी भरल्या हे तर माझ्याच डोळ्यांनी पाहिलं, ते लिही. मग त्या संध्याकाळी कोणाकोणाला गोण्या दिल्या ते एका वहीच्या पानावर लिहिलेलं त्यांनी दाखवलं. अकरा गोण्यांची नावं निघाली. तीन गोण्या त्यांनाही आठवत नाहीत. उद्या सकाळी त्या शेतकऱ्यांकडे मी आणि आबा दोघं जाणार आहोत.

---

केळीबाग_रावेर | शनिवार, सकाळी ७:१०

पत्र पोस्टाने रजिस्टर केलं. 'दावा' शब्द एकदाही नाही.